बाहेरच्या कार्यक्रमात आपल्याच बॉसची ओळख करून द्यायचीय? कौतुक किती आणि कसं करायचं?

कॉलेजात किंवा परिषदेत बॉस प्रमुख वक्ते आहेत आणि परिचय तुम्ही करून द्यायचाय. अशा वेळी अडचण एकच असते. तुमचा पगार, सुट्टी आणि बढती याच माणसाच्या हातात असते, हे श्रोत्यांनाही कळतं. त्यामुळे तुम्ही जितकी विशेषणं वापराल, तितका विश्वास कमी होतो.

मग सुरुवात कशी करायची?

नातं आधीच सांगून टाका. ‘मी यांच्याच टीममध्ये काम करते’ हे एक वाक्य पुरतं. त्यानंतरचं कौतुक लपवाछपवीचं वाटत नाही. मराठीत ‘त्या आहेत’, ‘ते म्हणतात’ या आदरार्थी रूपांतच मान येतो. त्यावर ‘आदरणीय, सन्माननीय, आमचं प्रेरणास्थान’ अशी रांग लावायची गरज नसते.

कौतुक कशाचं करायचं?

स्वभावाचं नको, तुम्ही स्वतः पाहिलेल्या एका कृतीचं करा. समजा, डेअरीच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख विद्यार्थ्यांसमोर बोलणार आहेत. परिचय असा होऊ शकतो:

‘मॅडम २२ वर्षं दुग्धव्यवसायात आहेत. आमचा गुणवत्ता विभाग गेली ६ वर्षं त्यांच्याकडे आहे. मी त्यांच्याच हाताखाली काम करते, म्हणजे मी काही तटस्थ नाही. पण एक गोष्ट पाहिली आहे. दुधाच्या नमुन्याबद्दल शंका आली, की मॅडम टँकर थांबवतात आणि समोर उभं राहून चाचणी पुन्हा करून घेतात. दुधातली भेसळ कशी पकडतात, ते आज त्यांच्याकडूनच ऐकूया.’

हे वाचायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. ‘मॅडम अतिशय कष्टाळू आहेत’ असं इथे कुठेही म्हटलेलं नाही, तरी ऐकणाऱ्याला ते कळतं.

गडबड कुठे होते?

ऑफिसमधला किस्सा सांगताना एखाद्या ग्राहकाचं नाव किंवा आतली माहिती बाहेर जाते. म्हणून किस्सा आणि हुद्दा, वर्षं यांसारखे तपशील दोन दिवस आधी बॉसकडून तपासून घ्या. दुसरी चूक श्रेयाची. दहा जणांनी केलेलं काम एकट्या बॉसच्या नावावर टाकलं, तर समोर बसलेले सहकारी ते लक्षात ठेवतात. ‘यांच्या नेतृत्वाखाली टीमने केलं’ हे खरंही असतं आणि मानही राखतं.

बॉसनेच ‘देशातले अग्रगण्य तज्ज्ञ’ असं लिहून दिलं तर?

‘अग्रगण्यऐवजी तुमचं अमुक काम सांगते, ते जास्त लक्षात राहील’ असं सुचवून पाहा. तरीही आग्रह असेल, तर ‘कंपनीने दिलेल्या परिचयानुसार’ म्हणून ते वाचा. शब्द कुणाचे आहेत ते स्पष्ट राहतं.

बोलण्याआधीची चाचणी

प्रत्येक वाक्याला विचारा: बॉस हजर नसताना, कँटीनमध्ये सहकाऱ्यांसमोर मी हे म्हणेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते वाक्य काढून टाका.