पाहुण्यांचे वायफाय आणि कास्टिंग

राउटरवरील ‘गेस्ट नेटवर्क’ पाहुण्यांना इंटरनेट देते, पण घरातील उपकरणांपासून त्यांना वेगळे ठेवते. या अलगीकरणामुळे फोनवरील गाणे स्पीकरवर किंवा टीव्हीवर पाठवता येत नाही.

कास्ट करताना फोन आधी उपकरण शोधतो. त्यासाठी तो `224.0.0.251` या सामायिक पत्त्यावर, 5353 क्रमांकाच्या पोर्टवर, हाक देतो. अलगीकरण असेल तर ती हाक टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही.

निपाणीतील एखादे घर घ्या. गणपतीला बेळगावहून आलेल्या भाच्याला गेस्टचा पासवर्ड दिला आहे. त्याच्या फोनवर यूट्यूब सुरळीत चालते, टीव्हीवरही चालते, पण फोनवरून आरती टीव्हीवर लावायला गेले की यादीत टीव्हीचे नावच येत नाही. टीव्ही बिघडलेला नसतो. दोघांचे आयपी पत्ते पाहावेत: टीव्ही `192.168.1.20` आणि फोन `192.168.2.15` असेल, तर बहुधा दोघे वेगळ्या जाळ्यांत आहेत. पत्ते एकाच मालिकेतले असूनही नाव दिसत नसेल, तर `AP Isolation` तपासावे. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ हा फरक मात्र सहसा कारण नसतो.

भाच्याला मुख्य जाळ्यात घेणे हा सोपा उपाय. काही राउटरांत गेस्टला स्थानिक उपकरणे दिसू देण्याची मुभा असते. पण ती दिली की प्रिंटर, कॅमेरेही उघडे पडतात. अनोळखी पाहुणे येणाऱ्या लॉजमध्ये तर ती बंदच असावी. एका गाण्यापुरते ब्लूटूथ पुरते, कारण ते राउटरमधून जात नाही.