तेलाचा खवटपणा आणि पेरॉक्साइड मूल्य

साठवणीत तेल किंवा तूप बिघडून त्याला उग्र वास व चव येणे, यास खवटपणा म्हणतात. तेल तंत्रज्ञानाच्या परीक्षांत त्याचे तीन प्रकार विचारले जातात. ओलावा आणि लायपेझ विकरामुळे मेदाम्ले सुटी होणे हा जलविच्छेदी खवटपणा. तो आम्लता मूल्यावरून कळतो. ओल्या खोबऱ्यावर बुरशी वाढून कीटोने तयार होणे हा कीटोनी खवटपणा. तिसरा, ऑक्सिडीकारक खवटपणा, हवेतील ऑक्सिजनमुळे होतो व खाद्यतेलांत तोच मुख्य आहे.

शेंद्रा परिसरासह मराठवाड्यात रब्बीत घेतल्या जाणाऱ्या करडईचे तेल याचे चांगले उदाहरण आहे. नेहमीच्या वाणांच्या करडई तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे 75 टक्के असते. दोन दुहेरी बंध असलेले हे आम्ल एक बंध असलेल्या ओलेइक आम्लाच्या सुमारे दहापट वेगाने ऑक्सिडित होते. उन्हाळ्यातील उष्णता, उजेड आणि तांब्याचा अंश यांमुळे हा वेग आणखी वाढतो.

पेरॉक्साइड मूल्य

ऑक्सिडीभवनात प्रथम हायड्रोपेरॉक्साइडे बनतात. ती मोजण्यासाठी 5 ग्रॅम तेल अ‍ॅसिटिक आम्ल व क्लोरोफॉर्म यांच्या 3:2 मिश्रणाच्या 30 मिलीमध्ये विरघळवतात. त्यात पोटॅशियम आयोडाइडचे 0.5 मिली संपृक्त द्रावण घालून एक मिनिट हलवतात आणि 30 मिली पाणी ओततात. मुक्त झालेल्या आयोडिनाचे सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करतात. स्टार्चचा निळा रंग नाहीसा होणे हा अंतिम बिंदू.

समजा, 0.01 नॉर्मल थायोसल्फेट 6.4 मिली लागले आणि तेलाविना केलेल्या कोऱ्या चाचणीस 0.2 मिली. तर मूल्य = (6.4 − 0.2) × 0.01 × 1000 ÷ 5 = 12.4 मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो. कोडेक्स मानकानुसार शुद्धीकृत तेलास 10 व थंड दाबाने काढलेल्या तेलास 15 ही मर्यादा आहे. म्हणजे हाच आकडा घाण्याच्या तेलाला चालतो, शुद्धीकृत तेलाला नाही. कोरी चाचणी वजा करण्यास विसरणे ही उत्तरपत्रिकांतील नेहमीची चूक.

त्याहून मोठी चूक म्हणजे कमी मूल्य पाहून तेल ताजे ठरवणे. हायड्रोपेरॉक्साइडे स्वतः जवळजवळ गंधहीन असतात. खवट वास ती तुटून झालेल्या अ‍ॅल्डिहाइडांचा असतो. म्हणून मूल्य आधी चढते व पुढे उतरते. 4 हा आकडा ताज्या तेलाचा असू शकतो, तसाच पूर्ण बिघडलेल्या तेलाचाही. दोहोंतील फरक पॅरा-अ‍ॅनिसिडीन मूल्यावरून कळतो, कारण ते अ‍ॅल्डिहाइडे मोजते. पेरॉक्साइड मूल्याच्या दुपटीत ते मिळवले की टोटॉक्स मूल्य मिळते.

प्रतिऑक्सिडीकारके

तेलातील नैसर्गिक टोकोफेरॉले आणि बाहेरून घातलेले टीबीएचक्यू आपला हायड्रोजन मुक्त मूलकाला देऊन साखळी अभिक्रिया तोडतात. सायट्रिक आम्लाचे काम वेगळे आहे: ते धातूंचे आयन बांधून ठेवते. यांमुळे बिघाडाची सुरुवात लांबते. आधीच बनलेली अ‍ॅल्डिहाइडे मात्र तशीच राहतात. त्यामुळे खवट झालेल्या तेलात टीबीएचक्यू घालून उपयोग नसतो. ते शुद्धीकरणानंतर, तेल ताजे असतानाच मिसळावे लागते.