बाराव्या जागेवरचे अक्षर : ‘रास’ जनुकाच्या शोधाची हकीगत

इ. स. १९६४ मध्ये लंडनमधील संशोधिका जेनिफर हार्वे यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. रक्ताचा कर्करोग घडवणारा एक विषाणू त्यांनी रॅट जातीच्या मोठ्या उंदरांत वाढवला होता. त्या उंदरांच्या रक्तातील द्रव त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या लहान, माऊस जातीच्या पिलांना टोचला. पिलांना रक्ताचा कर्करोग होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगावर मांसल, घट्ट गाठी उठल्या. पुढे १९६७ साली अमेरिकेत वेर्नर कर्स्टन यांना अशाच प्रयोगात असाच दुसरा विषाणू मिळाला.

याचा उलगडा व्हायला काही वर्षे गेली. रॅटच्या शरीरात मुक्काम असताना विषाणूने यजमानाच्या पेशीतील एक जनुक उचलून आपल्याबरोबर नेले होते, आणि गाठी उठत होत्या त्या या उचललेल्या जनुकामुळे. रॅटमध्ये सापडलेला आणि सार्कोमा नावाच्या गाठी घडवणारा, म्हणून त्या जनुकाचे नाव पडले ‘रास’. पण इथेच विचारी माणसाला अडखळायला होते. जनुक मूळचे निरोगी रॅटचे. पुढे दिसून आले की ते आपल्या, माणसांच्या पेशीतही जन्मतःच असते. मग ते सर्वांना कर्करोग का करीत नाही?

या प्रश्नाचे उत्तर १९८२ साली मिळाले, आणि ते कसे मिळाले हे सावकाश पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिड आणि मायकेल विग्लर यांच्या तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळा एकाच मागावर होत्या. त्यांच्याजवळ उंदराच्या अशा पेशी होत्या की ज्या काचेच्या बशीत एकाच थरात पसरतात आणि शेजारणीला टेकल्या की वाढ थांबवतात. माणसाच्या मूत्राशयातील कर्कपेशींचा डीएनए काढून तो या पेशींवर घातला, तेव्हा काही ठिकाणी पेशी थांबेनात. एकमेकींवर चढून त्यांचे ढीग झाले. त्या ढिगांतून माणसाच्या डीएनएचा नेमका कोणता तुकडा हा उपद्व्याप करतो हे शोधत गेल्यावर सुमारे ६,६०० अक्षरांचा एक तुकडा हाती लागला. तो वाचून पाहिला, तर हार्वे यांच्या विषाणूतले तेच ‘रास’ जनुक!

आता निरोगी पेशीतील रास जनुकही त्यांनी वेगळे काढले. ते उंदराच्या पेशींत घातले तर काहीच होत नव्हते. दोन्ही जनुके दिसायला सारखी, गुण मात्र निराळे. तेव्हा वाइनबर्ग यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचे तुकडे कापून त्यांची अदलाबदल करायला सुरुवात केली. रोगी जनुकाचा कोणता तुकडा निरोगी जनुकात बसवला की ते बिघडते, हे पाहत पाहत शोध सुमारे ३५० अक्षरांच्या पट्ट्यावर येऊन ठेपला. तो पट्टा अक्षर न् अक्षर वाचला, तेव्हा फरक निघाला फक्त एका अक्षराचा.

डीएनएची भाषा चार अक्षरांची आणि त्यातला प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. एक शब्द म्हणजे प्रथिनातील एक अमिनो आम्ल. रास प्रथिनात अशी १८९ अमिनो आम्ले माळेसारखी ओवलेली असतात. निरोगी जनुकात बारावा शब्द होता जी-जी-सी, म्हणजे ग्लायसिन. कर्कपेशीत मधले जी जाऊन तिथे टी आले होते. शब्द झाला जी-टी-सी, म्हणजे व्हॅलिन. बाकी माळ जशीच्या तशी.

इथे दोन गोष्टी पालकांनी ध्यानात घ्याव्यात, कारण त्यांबद्दल घरोघरी गैरसमज आढळतात. हा बदल बहुधा जन्माबरोबर येत नाही. १९८४ साली बार्बासिड यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची तपासणी केली. रासमधील बदल गाठीत होता, त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींत नव्हता. म्हणजे आयुष्यात केव्हातरी एका पेशीत तो घडला आणि तिच्या वंशात उतरला. तो मुलाबाळांकडे जात नाही, आणि शेजारी बसणाऱ्याला लागत तर नाहीच. दुसरे असे की एवढा एकच बदल पुरेसा नसतो. बशीतल्या त्या उंदीर-पेशी आधीच अमर्याद विभागण्याच्या वाटेवर होत्या. १९८३ साली ताज्या पेशींवर प्रयोग केला, तेव्हा केवळ रासने काम भागेना. त्याच्या जोडीला ‘मिक’ नावाचे दुसरे जनुकही बिघडलेले लागले.

पण ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आल्याने एवढे काय बिघडते? त्यासाठी रासचे रोजचे काम समजून घ्यावे लागेल. रास हे पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेले एक बटन आहे. त्याच्या कुशीत जीटीपी नावाचा रेणू असला की बटन चालू, आणि त्या जीटीपीतला एक फॉस्फेट तुटून जीडीपी उरला की बटन बंद. हे तोडण्याचे काम रास स्वतःही करतो, पण फारच आळसाने. १९८७ साली कॅलिफोर्नियात ट्रेही आणि मॅककॉर्मिक यांनी बेडकाच्या अंड्यांत निरोगी रास टोचला, तर तो बघता बघता बंद झाला. व्हॅलिनवाला रास टोचला, तर तो चालूच राहिला. अंड्यातले कोणते तरी प्रथिन निरोगी रासला बंद करीत होते आणि बिघडलेल्या रासपुढे त्याचे काही चालत नव्हते. त्या प्रथिनाला ‘गॅप’ म्हणतात. ते फॉस्फेट तुटण्याचा वेग सुमारे लाखपट वाढवते.

पुढे १९९७ साली जर्मनीत या दोन प्रथिनांचे एकत्रित चित्र क्ष-किरणांनी मिळाले आणि कोडे डोळ्यांनी दिसले. गॅप आपले एक बोट रासच्या कुशीत खुपसते आणि फॉस्फेट तोडायला मदत करते. ते बोट शिरते ते बाराव्या जागेच्या अगदी जवळून. ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. त्याच्या बाजूला केवळ एक हायड्रोजन, म्हणून बोटाला वाट मिळते. व्हॅलिन त्याहून जाड, वाट अडते. बटन दाबले गेले, पण आता ते सुटत नाही.

मग हे बटन एरवी दाबतो कोण? याचे धागे निराळ्याच प्रयोगशाळांतून आले. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात एक पदार्थ आढळला होता. तो टोचला की पिलांचे डोळे नेहमीच्या १२ ते १४ दिवसांऐवजी ६-७ दिवसांतच उघडत. १९६२ साली त्यांनी तो वेगळा काढला. हा त्वचेच्या पेशींना वाढीचा हुकूम देणारा संदेशवाहक होता, आणि त्या कामासाठी त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा संदेशवाहक पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणात आरपार रोवलेल्या ग्राहक-प्रथिनाला तो बाहेरून चिकटतो. तसे झाले की दोन ग्राहक जोडीने उभे राहतात आणि आतल्या बाजूला एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का बसतो तो टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर.

टायरोसिनवर असा शिक्का बसतो हे १९७९ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावर काम करीत होते. शिक्का बसलेली अमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी त्यांनी वापरलेला द्रव जुना होता. ताजा बनवण्याचा त्यांनी कंटाळा केला होता. तो थोडा जास्त आम्ल झालेला असल्याने नेहमी एकत्र दिसणारे दोन ठिपके त्या दिवशी सुटे झाले, आणि त्यातला एक टायरोसिनचा निघाला. विज्ञानात आळसाचे असे फळ क्वचितच मिळते, विद्यार्थ्यांनी ते गृहीत धरू नये!

तरीही ग्राहक आणि रास यांच्यामधला दुवा सापडत नव्हता. तो मिळाला फळमाशीच्या डोळ्यात. माशीच्या डोळ्यातील प्रत्येक घटकात आठ प्रकाशग्राही पेशी असतात. एका जातीच्या माशांत त्यातली सातवीच तयार होत नसे. सातवीला घडवण्याचा हुकूम देणारा ग्राहक टायरोसिनवर शिक्का मारणाऱ्यांपैकीच होता. त्याच्या खाली कोण काम करते हे शोधताना १९९१ साली जेरल्ड रुबिन यांच्या गटाला रास आणि ‘सॉस’ नावाचे प्रथिन सापडले. १९९३ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून साखळी पुरी केली. ग्राहकाच्या शिक्क्यावर ‘ग्रब-२’ हे प्रथिन येऊन बसते. त्याच्या हाताला धरून सॉस आवरणापाशी येतो. सॉस रासच्या कुशीतला जीडीपी बाहेर काढतो, आणि पेशीत मुबलक असलेला जीटीपी ती जागा घेतो. बटन चालू.

रास खालच्या बाजूला ‘रॅफ’ला जागवतो, रॅफ ‘मेक’वर शिक्का मारतो, मेक ‘इर्क’वर. इर्क केंद्रकात जाऊन विभाजनाची जनुके सुरू करतो. बाहेरचा संदेश संपला की सॉसचे काम थांबते, गॅप बटन बंद करते आणि पेशी पुन्हा शांत होते. बारावा शब्द बिघडलेल्या पेशीत बाहेर संदेश नसतानाही खालची साखळी चालू राहते.

हे सारे पुस्तकी वाटेल, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. सेटुक्सिमॅब नावाचे औषध पेशीबाहेरच्या ग्राहकावर बसून त्याला कुलूप लावते. काही रुग्णांना त्याचा गुण येई, काहींना मुळीच येत नसे. २००८ साली मोठ्या चाचण्यांतून स्पष्ट झाले की ज्यांच्या गाठीत रासच्या भावंडाचे, ‘के-रास’चे, जनुक बिघडलेले आहे त्यांना या औषधाचा फायदा होत नाही. दाराला कुलूप लावून काय उपयोग, आतले बटन तर चालूच आहे! म्हणून हे महागडे औषध देण्याआधी गाठीच्या तुकड्याची रास-तपासणी करतात. ती झाली आहे काय हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

खुद्द रासवर औषध मात्र कित्येक वर्षे सापडेना. जीटीपी त्याला इतका घट्ट धरून बसतो की त्याला हुसकणे अवघड, आणि रासच्या गुळगुळीत अंगावर दुसऱ्या रेणूला चिकटायला खोबणही दिसेना. २०१३ साली केव्हान शोकात यांच्या गटाने एक फट शोधली. काही गाठींत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातील गाठींत, बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टाइन येते. सिस्टाइनमधील गंधकाला पक्के चिकटणारा रेणू बनवता येतो, आणि तो चिकटला की शेजारी एक खोबण उघडते. रास बंद अवस्थेतच अडकून पडतो. याच वाटेने तयार झालेल्या सोटोरासिबला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आधी इतर उपचार घेतलेल्या फुप्फुसाच्या रुग्णांच्या चाचणीत १०० पैकी सुमारे ३७ जणांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या. पण निम्म्या रुग्णांत सात महिन्यांच्या आतच रोग पुन्हा पुढे सरकला होता. पेशी दुसरी वाट काढते. कधी ग्राहक जास्त जोराने काम करू लागतात, कधी रासमध्येच आणखी एखादे अक्षर बदलते. आणि बाराव्या जागी सिस्टाइन नसून व्हॅलिन असेल, किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगात बहुधा असते तसे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल, तर सोटोरासिबला धरायला तिथे गंधकच नसते.