दुकान अफझलगंजात, ग्राहक देगलूरचा: फोटोखालच्या चार ओळींत काय लिहावे?

हैदराबाद : देगलूर, बिलोलीकडची मंडळी लग्नाची भांडी घ्यायला इमलीबन बसस्थानकावर उतरतात आणि जवळच्या अफझलगंज, बेगमबाजारात शिरतात. आता उतरण्याआधीच मोबाईलवर शोध सुरू होतो. तिथे दिसायचे तर फोटोखालचा मजकूर कामाचा हवा.

भांड्यांच्या एखाद्या दुकानाचा नेहमीचा मजकूर घ्या : ‘भांडी होलसेल, भांडी दुकान हैदराबाद, स्वस्त भांडी अफझलगंज, बेस्ट भांडी’. चार वेळा भांडी आली, पण कोणती, कशासाठी, किती नगांपासून, हे कळलेच नाही. गिऱ्हाईक पुढे सरकते. गुगलच्या नियमांत असा भरणा स्पॅममध्ये मोडतो. गावांच्या नावांची नुसती यादीही त्यातच येते.

तेच असे लिहून बघा : ‘रुखवतात मांडायला स्टीलच्या डब्यांचा पाच नगांचा सेट. अफझलगंजातल्या आमच्या दुकानात होलसेल भावाने, एक सेटही मिळेल. नांदेडला ट्रान्सपोर्टने पाठवतो.’ रुखवत, स्टीलचे डबे, होलसेल, अफझलगंज, नांदेड. शोधायचे सगळे शब्द आले, तेही एकेकदाच. मात्र माल खरोखर नांदेडला जात असेल तरच नांदेड लिहावे.

इन्स्टाग्रामवर लांब मजकूर ‘more’च्या मागे दडतो. म्हणून वस्तू आणि ठिकाण पहिल्याच ओळीत. ‘नमस्कार मंडळी’ नंतर. शोधाचे शब्द कमेंटमध्ये नव्हे तर कॅप्शनमध्येच टाका, असे इन्स्टाग्रामने 2021 मध्ये स्वतःच सांगितले होते.

खरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. कोणी Afzalgunj लिहितो, कोणी Afzal Gunj, मराठीत कोणी अफजलगंज. सगळी रूपे एकाच फोटोखाली कोंबू नयेत. मराठी वाक्यात एक रूप, शेवटी इंग्रजी पत्त्याच्या ओळीत दुसरे, आणि फोटोला लोकेशन जोडावे. उरलेले रूप पुढच्या पोस्टला वापरता येते.

शब्द कुठून आणायचे? गल्ल्यावरून. गिऱ्हाईक फोनवर ‘कंटेनर’ म्हणत नाही, ‘डबा’ म्हणते. ‘समई आहे का’ विचारते, ‘ब्रास लॅम्प’ नाही. आठवडाभर असे प्रश्न वहीत टिपले की मजकूर आपोआप जमतो.

गुगलच्या नकाशावर मात्र दुकानाच्या नावातच ‘होलसेल भांडी अफझलगंज’ चिकटवायचा मोह होतो. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे चालते. जादा शब्द घातले तर प्रोफाइल बंद पडू शकते. वर्णन, फोटो आणि पोस्ट यांत ते शब्द खुशाल येऊ द्यावेत.

फरक पडला का, हे त्याच प्रोफाइलच्या Performance विभागात दिसते : लोकांनी कोणते शब्द टाकून दुकान गाठले, त्याची यादी तिथे असते. महिन्याने ती उघडावी. नुसते दुकानाचेच नाव दिसत असेल तर ओळखीचेच लोक येत आहेत. ‘रुखवत भांडी’सारखे शब्द दिसू लागले तर नवे गिऱ्हाईक लागले.