उपपदे : मराठी भाषकाच्या इंग्रजी परिच्छेदातील

इंग्रजीत नामाआधी येणारे ‘अ’, ‘ॲन’ (अनिश्चित) आणि ‘द’ (निश्चित) हे शब्द. मराठीत असा स्वतंत्र शब्दवर्ग नाही. नामाने दर्शवलेली वस्तू ओळखीची की नवी, हे ‘एक’, ‘तो’ किंवा संदर्भ यांवरून कळते. त्यामुळे उपपदे बरोबर आहेत का, हे सुट्या वाक्यावरून सहसा ठरत नाही. परिच्छेद सुरुवातीपासून वाचावा लागतो.

नमुना : पुण्याविषयी लिहिताना पुढील वाक्ये सहज येतात. ‘माय फादर इज टीचर. ही बॉट ओल्ड हाऊस इन द सदाशिव पेठ. हाऊस हॅज अ वेल. ही वॉक्स अलाँग मुठा फॉर अ अवर.’

‘वडील शिक्षक आहेत’ असे सांगताना मराठीत ‘एक’ लागत नाही, म्हणून पहिल्या वाक्यातले ‘अ’ गळते. इंग्रजीत ‘अ टीचर’ हवे. घर वाचकाला नवे आहे आणि ‘ओल्ड’चा आरंभ स्वराने होतो, म्हणून ‘ॲन ओल्ड हाऊस’. तिसऱ्या वाक्यात तेच घर परत येते. मराठीत नुसते ‘घर’ म्हणून भागते, इंग्रजीत ‘द हाऊस’ लागते. विहीर मात्र नवी असल्याने ‘अ वेल’ योग्य. पुढे छपराचा उल्लेख आला, तर तो पहिलाच असूनही ‘द रूफ’ लिहितात. घर म्हटले की त्याचे छप्पर वाचक गृहीत धरतो.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर नव्हे, उच्चार ठरवतो. ‘अवर’मधला ‘एच’ अनुच्चारित, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द ‘यु’ या स्वराक्षराने लिहिला जात असला, तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’.

विशेषनामे : पेठा, रस्ते व शहरे यांच्या नावांआधी सहसा ‘द’ येत नाही, सदाशिव पेठ, लक्ष्मी रोड, पुणे ही नावे तशीच लिहितात. नद्यांना ते लागते : ‘द मुठा’. संस्थांच्या बाबतीत नावाची घडण पाहावी. ‘फर्ग्युसन कॉलेज’ला ‘द’ नको, पण ‘ऑफ’ने जोडलेल्या ‘द युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ या जुन्या नावाला हवे. 2014 मध्ये मिळालेले ‘सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’ हे नाव पुन्हा ‘द’विना लिहिले जाते.

मर्यादा : ‘ही वेंट टू द टेम्पल’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. कोणते देऊळ हे वाचकाला आधीच्या मजकुरावरून किंवा परिचयाने ठाऊक असेल, तर ‘द’ बरोबर. नसेल, तर ‘अ’ हवे. अशा ठिकाणी तपासणाऱ्याला लेखकाचा आशय विचारूनच दुरुस्ती करता येते.