गच्चीवरच्या कोब्याची कुळकथा

मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतीची गच्ची फोडायला घेतली की वर चौकटी आखलेला सिमेंटचा थर निघतो आणि त्याखाली विटांचे तुकडेच तुकडे. स्लॅब काँक्रीटचा, मग त्यावर विटा कशाला? त्याचं उत्तर सिमेंटच्या आधीच्या काळात सापडतं.

तेव्हा लोखंडी गर्डरांच्या मधे विटांच्या उथळ कमानी बांधत आणि त्यांवर चुन्याचा कोबा घालत. विटांची खडी, चुना आणि सुरखी यांचा हा थर मजूर रांगेत बसून लाकडी थापीने कित्येक दिवस ठोकत. वरून गूळ, हिरडा किंवा बेलफळाचं पाणी शिंपडत. थापी आपटल्यावर उसळी घेऊ लागली की कोबा बसला असं समजत. चुना सावकाश घट्ट होतो, म्हणून इतके दिवस ठोकता येई आणि आतली छिद्रं दाबून बुजवता येत. पुढे बारीक भेग पडलीच, तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्याच भेगेत पुन्हा साठून ती बुजवी. पाण्याला ढाळ देणं, ऊन अडवणं आणि पाणी रोखणं ही तिन्ही कामं हा एकच थर करी.

पुढे मरीन ड्राइव्हसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या तेव्हा सपाट आरसीसी स्लॅब रुळला आणि चुन्याची जागा हळूहळू सिमेंटने घेतली. सिमेंट काही तासांतच घट्ट होतं; ते दिवसेंदिवस ठोकणार कसं? ठोकणं गेलं, विटा तेवढ्या राहिल्या. हाच ब्रिकबॅट कोबा. स्लॅब घासून स्लरी मारायची, पाण्यात भिजवलेले विटांचे तुकडे ढाळाच्या दोऱ्याप्रमाणे मांडायचे, फटी मसाल्याने भरायच्या, कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा काढायचा, वर गिलावा करून दोरीने चौकटी आखायच्या आणि मग आठवडाभर पाणी साठवून ठेवायचं. थर बदलला, पण त्याच्याकडून अपेक्षा मात्र चुन्याच्या कोब्याचीच राहिली. माझ्या मते गच्च्या गळण्याची निम्मी गोष्ट इथेच आहे.

कारण सिमेंटचा वरचा थर उन्हापावसात ताणून-आकसून तडकतो आणि चुन्यासारखा स्वतःला सांधत नाही. तडीतून शिरलेलं पाणी सच्छिद्र विटांमध्ये साठतं आणि तिथून स्लॅबची कच्ची जागा शोधत सरकतं. म्हणून खालच्या घरातला ओला डाग आणि वरची तड क्वचितच एका रेषेत असतात. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी थेंब पडत राहिले, तर पाणी कोब्यात मुरलंय असं मानावं. वरून सळईने ठोकत गेलं की सुटलेली जागा पोकळ वाजते.

अशा वेळी बरेच जण जुन्याच कोब्यावर नवा कोबा घालतात. इथे हिशेब करावा. गच्ची १० मीटर बाय ८ मीटर आहे आणि पाणी उतरायच्या पाइपापासून सर्वांत लांबचा कोपरा ८ मीटरवर आहे असं धरू. शंभराला एक ढाळ म्हणजे तिथे ८ सेंटिमीटर चढ. पाइपापाशी जाडी ६ ठेवली तर लांबच्या कोपऱ्यात १४, सरासरी १०. एका चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे सगळ्या गच्चीवर १६ टन. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी धरलेला भार चौरस मीटरला १५० किलो असतो. दुसरा कोबा त्याहून जड भरतो. दुसरा पाइप बसवून अंतर ५ मीटरवर आणलं, तर चढ ५ सेंटिमीटरवर येतो आणि कोबा मुळातच हलका होतो.

पाणी रोखण्याचं काम कोब्याकडून काढून घेतलं ते डांबरी पटलाने. आधी डांबरी फेल्ट आलं. मग साठच्या दशकात इटलीत डांबरात प्लॅस्टिक मिसळून केलेलं, ज्योतीने वितळवून चिकटवायचं मेम्ब्रेन निघालं. आपल्याकडे ते बहुधा ३-४ मिलिमीटर जाडीचं वापरतात. ते कोब्याखाली, थेट स्लॅबवर घातलं तर ऊन लागत नाही, पण सपाट स्लॅबवर पाणी तुंबून राहतं आणि कोबा कायम ओला राहतो. म्हणून मला ते ढाळावर, कोब्याच्या वर घातलेलंच बरं वाटतं. मात्र कोबा वाळलेला हवा. मीटरभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव जमलं तर अजून थांबावं, नाहीतर उन्हात अडकलेल्या वाफेने पटलाला फोड येतात. पट्ट्या सखल बाजूने सुरू करायच्या, वरची पट्टी खालचीवर १० सेंटिमीटर चढवायची, म्हणजे वाहतं पाणी जोडात शिरत नाही. कठड्यावर पटल चांगलं वर नेऊन त्याची कड खाचेत बसवायची.

उघडं पटल उन्हाने कडक होऊन तडकतं आणि चालताना, डिश अँटेना बसवताना फाटतं. म्हणून वर आवरण हवं: आधी जिओटेक्स्टाइलचं कापड, मग गिलावा, मग चायना मोझॅक किंवा फरशी, ठरावीक अंतरावर सांधे सोडून. पण हे आवरण चढवण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून, उंच कोपऱ्यालाही पाणी टेकेल इतकं भरून दोन दिवस ठेवावं आणि खालून छत तपासावं. गळती याच टप्प्यावर सापडली तर पटलाचा तेवढाच तुकडा बदलून भागतं. मोझॅक बसल्यावर सापडली तर सगळं फोडावं लागतं.