चिठ्ठीतला ‘ओडी’

आईच्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी वहीत उतरवत होतो. औषधापुढे ‘ओडी’ होतं. मी ‘दिवसातून एकदा’ असं लिहून मोकळा झालो. रक्तदाबाच्या गोळीपुढे ते बरोबर ठरलं असतं. तिथला ‘ओडी’ लॅटिन ‘ओम्नी दिए’, म्हणजे रोज. पण डोळ्यांच्या डॉक्टरांचा ‘ओडी’ म्हणजे ‘ऑक्युलस डेक्स्टर’, उजवा डोळा. (डावा तो ‘ओएस’!) पुढच्या ‘क्यूआयडी’नं, म्हणजे दिवसातून चारदा या खुणेनं, माझं पितळ उघडं पाडलं. एकदा आणि चारदा एकाच ओळीत कसे येतील? माझ्या शहाणपणात मूळ अक्षरं मात्र वहीतून गेली होती. आता चिठ्ठीत आहे तसंच उतरवतो. अर्थ शेजारी, पेन्सिलीनं, डॉक्टरांना विचारून.